खाऱ्या पाण्यावरचा केस

अनगोळातल्या मार्तंड देसूरकराचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. बेळगावातल्या एका हायस्कुलात तो सायन्स शिकवायचा, आणि वर्गात एखाद्या पोरानं मुंज्याचं नुसतं नाव काढलं तरी त्याला अख्ख्या वर्गादेखत फैलावर घ्यायचा. असल्या माणसाच्या घरात, ऐन चैत्रात, एका बंद काचेच्या हंडीत यंत्राचा काटा आपोआप चढायला लागला. आणि तो काटा आपली मेलेली बायको हलवते आहे असं ह्याच शहाण्याच्या मनानं घेतलं. माणसाचं शिक्षण कुठं संपतं ते असं कधीतरी कळतं.

यंत्र त्याचं नव्हतं. निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीतून ते दुरुस्तीला आलं होतं. वखारीच्या मालकानं लढाईच्या आधी हौसेनं मुंबईहून मागवलेलं, हवेतला ओलावा मोजायचं यंत्र. पितळी चौकट, तबकडीवर शून्यापासून शंभरापर्यंत आकडे, आणि चौकटीत वरून खाली ताणून बसवलेला माणसाचा एक केस. खरं काम त्या केसाचंच. हवा ओली झाली की केस लांबतो, कोरडी झाली की आखडतो, आणि त्याच्या टोकाला गुंतवलेली चकती काट्याला वर-खाली नेते. तो केसच तुटला होता.

यंत्र घेऊन आले होते वखारीचे मुकादम मारुतीराव. अंगाला जर्द्याचा वास, डोळे कायम लाल, माणूस सरळ.

"मास्तर, लढाई चाललीया. मुंबईला पत्र घातलं तर म्हणत्यात, केस परदेशातनं यायचा, आता येत न्हाय," ते म्हणाले. "गेल्या पावसाळ्यात वखारीत ओल धरली आन् कुणाच्या ध्यानात आलं न्हाय. थप्पी आतनं तापली, निम्मा माल बुरशीनं गेला. आमच्या बाया दोन म्हैनं बिनकामाच्या घरात बसल्या. मिरगाच्या आधी ह्ये यंतर बोलतं करून द्या बगा."

"केस मिळाला तर होईल," मार्तंड म्हणाला.

"केसाला काय तोटा हाय का मास्तर जगात?"

मारुतीराव हसत हसत गेले, पण तोटा होता. पोरांचे केस आखूड. आणि बाईमाणसाकडं केस मागायचा कसा? ह्या मुलखात बाई विंचरून झालं की गुंतवळ बोटावर गुंडाळते, तिच्यावर थुंकते आणि चुलीत नाहीतर भिंतीच्या भोकात घालते. केस दुसऱ्याच्या हाती गेला की करणीला वाट मोकळी. मार्तंडानं शेजारच्या नागुबाईंना नुसतं विचारलं तर त्या सगळी आळी गोळा करून त्याच्या दारात उभी करतील, आणि मग तो हवेतल्या ओलाव्यावर कितीही व्याख्यान देवो.

घरात एक बाई होती. त्याची सासू राजाबाई, जी नात्यानं त्याची मामीही होती. मामाची मुलगी केली होती त्यानं. पण मामीकडं काही मागायचं म्हणजे आधी बोलायला हवं, आणि त्या दोघांचं बोलणं दीड वर्षापूर्वी कल्याणी गेली तेव्हापासून जेवणापुरतं उरलं होतं. "वाढू?" "नको." "दूध संपलं." "आणतो." पोरीसाठी, लतिकासाठी, मामी खानापुराकडचं आपलं गाव सोडून इथं येऊन राहिली होती. पोरगी दोघांच्या मधे रांगत रांगत मोठी झाली आणि आता चालायलाही लागली होती. तिचाच काय तो घरात मोठा आवाज असायचा.

हे असं का झालं ते सांगायलाच हवं. कल्याणीचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. चौथ्या दिवशी ताप चढला. मार्तंड बेळगावाहून मिळेल त्या गाडीनं गेला तेव्हा ती बाजेवर पडून एकच शब्द म्हणत होती: पाणी. बाळंतिणीला पाणी द्यायचं नाही, अंग धरतं, सूज येते, हे त्या घरात, त्या गावात, बाईच्या चार पिढ्यांत चालत आलेलं. काढा देत होत्या, शेक देत होत्या, पाणी देत नव्हत्या. मार्तंड तांब्या भरून बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेला. मामीनं तो तांब्या त्याच्या हातातून काढून घेतला. "तू बाप्या हायस. भाईर हो." तो बाहेर झाला. दुसऱ्या दिवशी कल्याणी गेली.

डॉक्टर नंतर म्हणाला की तापच तसला होता, पाण्यानं वाचली नसती. पण वाचण्याचं सोडा, प्यायची राहिली ना ती. मार्तंडानं मामीला तोंडानं कधी एक शब्द लावला नाही, आणि मनातून एक दिवस माफ केलं नाही. मामीला ते समजत होतं.

तर केस. कल्याणीच्या पेटीत तिचं गंगावन होतं, तिच्याच गळलेल्या केसांचं तिनं वळून घेतलेलं. लग्नसमारंभाला वेणीत घालायची. मार्तंडानं पेटी उघडली, आणि शिकेकाईचा वास असा अंगावर आला की थोडा वेळ त्याला झाकण धरून बसावं लागलं. मग त्यानं गंगावनातून एक लांब, सरळ, न तुटलेला केस ओढून काढला. केस ईथरमध्ये बुडवून ठेवला, कारण तेलकट केस पाणी घेत नाही, आणि कल्याणीच्या केसांत तेल काही कमी जिरलेलं नव्हतं. मग स्वच्छ पाण्यातून काढून वाळवला आणि चौकटीत ताणून बसवला.

पण केस बसवला म्हणजे यंत्र खरं बोलतं असं नाही. प्रत्येक केसाचं लांबणं वेगळं. हवेत ओलावा किती ते आपल्याला पक्कं ठाऊक असेल अशा जागी यंत्र ठेवून काटा कुठं जातो ते बघावं लागतं. आणि ओलावा पक्का धरून ठेवायची युक्ती मोठी गमतीची आहे. काही क्षार पाण्यात इतके विरघळवायचे की आणखी विरघळेनात, तळाशी न विरघळलेला चोथा उरला पाहिजे. असल्या द्रावणावर हवा कोंडून ठेवली की त्या हवेतला ओलावा एका आकड्यावर येऊन थांबतो आणि तिथनं हलत नाही. हवा ओली झाली तर द्रावण तिच्यातलं पाणी ओढून घेतं, कोरडी झाली तर तिला देतं. कॅल्शियम क्लोराइड तिशीच्या आसपास धरून ठेवतं. साधं मीठ पंचाहत्तरावर. मिठाचं तर थंडी-उन्हाळ्यानंही फारसं बिघडत नाही.

शाळेला सुट्टी लागली होती. मार्तंडानं शाळेतली काचेची मोठी हंडी आणि तिच्याखालची काचेची फळी घरी आणली आणि घराच्या पुढच्या सोप्यातल्या टेबलावर, उन्हाची तिरीप येणार नाही अशा कोपऱ्यात मांडली. खाली चिनी मातीचा खोल वाडगा, वाडग्यावर भोकं पाडलेलं पत्र्याचं झाकण, झाकणावर यंत्र, आणि सगळ्यावर हंडी पालथी. हंडीच्या काठाला व्हॅसलीन, म्हणजे बाहेरची हवा आत जायला नको.

आधी वाडग्यात कॅल्शियम क्लोराइड घातलं. काटा खाली आला, तिशीपाशी थांबला, आणि दुसऱ्या दिवशीही तिथंच होता. मार्तंडाला वाटलं, मोठी गुणी आहे. हे यंत्राला म्हटलं, केसाला म्हटलं की आणखी कुणाला, ते त्यानं स्वतःला विचारलं नाही.

मग वाडगा धुऊन त्यानं मीठ घातलं. बाजारातलं खडेमीठ चाललं नसतं, त्यात समुद्राचे कडू क्षार असतात आणि ते आकडा खाली ओढतात. शाळेच्या बाटलीतलं शुद्ध मीठ घेतलं. चांगली मूठ-दोन मुठी मीठ, आणि ते नुसतं भिजेल एवढंच पाणी. तो हंडी पालथी घालत होता तेव्हा मामी लतिकाला कडेवर घेऊन सोप्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"कुणाचा केस त्यो?"

दीड वर्षात जेवणाबाहेरचा तिनं विचारलेला हा पहिला प्रश्न. मार्तंडाला खोटं बोलता आलं असतं. पण त्याच्या मनात जे साचलं होतं त्यानं त्याला खोटं बोलू दिलं नाही.

"कल्याणीचा."

पोरीनं काचेला बोट लावलं, ते मामीनं मागं घेतलं.

"काय करतोय त्यो तिथं?"

आता मास्तर तो मास्तर. त्यानं तिला वर्गातल्या पोरांना सांगावं तसं सांगितलं, आणि सांगताना प्रत्येक शब्द जरा जास्त स्वच्छ उच्चारला. "केस हवेतलं पाणी पितो, मामी. पाणी प्याला की लांबतो. न्हाय मिळालं की आखडतो. कितीबी दिवस झाले तरी, माणूस गेलं तरी केसाची ती सवय जात न्हाय. तहानलेलाच असतो तो."

"आन् वाडग्यात?"

"मिठाचं पाणी."

मामीनं वाडग्याकडं बघितलं, यंत्राकडं बघितलं, आणि पोरीला घेऊन आत गेली. ह्या शब्दांनी तिला लागावं असं त्याला वाटलं होतं, आणि लागलं की नाही ते कळलं नाही म्हणून तो चिडला. त्या संध्याकाळी तो जेवलाही धड नाही.

काटा पंचाहत्तरावर आला. थांबला. नवा केस ताणाखाली थोडा सैल पडतो, तो सरावू दे, म्हणून मार्तंडानं तो चार दिवस तसाच ठेवायचं ठरवलं. चार दिवसांचा आठवडा झाला. खरं सांगायचं तर त्याला हंडी उचलायची नव्हती. रोज दुपारी तो खडेबाजारात एका वकिलांच्या मुलाला शिकवायला जायचा, उन्हं कलताना परत यायचा, आणि पायातलं काढायच्या आधी सोप्यात जाऊन काटा बघायचा. काचेमागं तो केस दिसायचा, उजेडात तांबूस. कल्याणी परसात बसून विंचरायची तेव्हा उन्हात तिचे केस असेच तांबूस दिसायचे.

आणि एका संध्याकाळी काटा पंचाहत्तरावर नव्हता. अठ्ठ्याहत्तरावर होता.

मार्तंडानं काचेवर टिचकी मारली. काटा थरथरला आणि पुन्हा अठ्ठ्याहत्तरावर आला. त्यानं हंडीच्या काठावरून बोट फिरवलं. व्हॅसलीन एका जागी फरकटलेलं होतं, आपणच लावताना फरकटलं असेल म्हणून त्यानं ते नीट केलं. हवा आत शिरली म्हणावं तर बाहेर चैत्राची कोरडी हवा, ती शिरली तर काटा उतरायला हवा. हा चढला होता. दुसऱ्या दिवशी एक्क्याऐंशी. तिसऱ्या दिवशी त्र्याऐंशी. सकाळी बघावं तर जिथल्या तिथं, दुपारी निघताना जिथल्या तिथं, आणि संध्याकाळी परत यावं तर आणखी वर.

मीठ असताना पंचाहत्तराच्या वर जायचं कारणच नाही. मीठ त्यानं स्वतःच्या हातानं घातलं होतं, भरपूर घातलं होतं. वाडग्यावर पत्र्याचं झाकण, त्यामुळं आतलं दिसत नव्हतं, आणि हंडी उचलून झाकण काढून बघायला कुणी त्याचे हात धरले नव्हते. त्यानं बघितलं नाही. वर्गात एखाद्या पोरानं असं केलं असतं तर मास्तरांनी त्याला बाकावर उभं केलं असतं.

कारण तोवर त्याच्या मनात दुसरंच काही शिरलं होतं. काटा चढतो म्हणजे केस लांबतो. केस लांबतो म्हणजे पाणी पितो. बंद काचेत, खाऱ्या वाडग्यावर, पाणी कुठलं मिळतं तिला? ती मागते आहे, आणि कुठून तरी ओढून घेते आहे. नेमकी दिवेलागणीच्या आधीची ती वेळ. त्या दिवशी तांब्या घेऊन तो उंबऱ्यापर्यंत गेला होता तीही वेळ तीच होती. हे मनात आलं आणि मार्तंडाच्या अंगावर काटा उभा राहिला. तो घाबरला म्हणावं तर तेही पुरतं खरं नाही. त्याला भीती वाटली, आणि त्या भीतीच्या खाली, बाईलवेड्या माणसाला वाटावा तसा, आनंद वाटला.

तो हळू आवाजात बोलायला लागला. आधी नुसतं, "आलीस?" मग, "आज लई चढलीस गं." लतिका शेजारी उभी राहून हंडीकडं बोट दाखवायची आणि तिला येणारा एकुलता शब्द म्हणायची: "मम्." पाण्याला ती मम् म्हणायची.

मारुतीराव येऊन गेले. सोप्यात बसून त्यांनी चहा घेतला आणि ते काचेत डोकावले.

"बोलतंय की मास्तर! मग अडलंय कुठं?"

"खरं बोलत न्हाय अजून."

"खरं न्हाय म्हंजे?"

"पंचाहत्तर असताना पंच्याऐंशी सांगतंय."

"मग ह्येच्यावर इश्वास ठेवून माल कोरडा केला तर भुगा हुईल की वो. आन् उलटं झालं तर पुन्ना बुरशी." मारुतीरावांनी कप खाली ठेवला. "मास्तर, हुत न्हाय म्हणून सांगा, आमी आमच्या हातानं पानं मुठीत दाबून ओल बघत बसू. पर लबाड यंतर नगं बघा. बुदवारी येतो मी. मग काय ती एक बात करा."

ते गेल्यावर मार्तंड काचेसमोर येऊन बसला. केस बदलायचा किंवा यंत्र तसंच परत करायचं, दोन्हीत ती जाणार होती. बुधवारनंतर सोप्यातला हा कोपरा रिकामा. आणि ती जाणार ती तहानलेलीच, दुसऱ्यांदा.

मंगळवारी तो नेहमीसारखा खडेबाजाराला गेला. वकिलांच्या मुलाला गोवर निघाला होता. दारातूनच परत पाठवलं. मार्तंड उन्हातून चालत घरी आला, वहाणा अंगणात काढल्या आणि सोप्याच्या दाराशी आला तो तिथंच थांबला.

मामी टेबलापाशी उभी होती. लतिका तिच्या पायाला धरून. काचेची हंडी तिनं उचलून बाजूला, धुतलेल्या फडक्यावर ठेवली होती. एका हातानं यंत्र, झोपलेलं मूल उचलावं तसं, झाकणासकट वर धरलं होतं, आणि दुसऱ्या हातातल्या तांब्यातून वाडग्यात पाण्याची बारीक धार धरली होती.

"पी गं बाये," ती म्हणत होती. "पी. आज माठ नवा धुतलाय. गार हाय."

घोटभर ओतून तिनं तांब्या खाली ठेवला, यंत्र जिथल्या तिथं बसवलं, हंडी पालथी घातली आणि पदरानं काच पुसली. लतिका म्हणाली, "मम्."

मार्तंडाला आधी काय वाटलं ते त्याच्या लौकिकाला शोभणारं नाही. त्याला वाटलं, मग ती नव्हतीच. इतक्या संध्याकाळी आपण ज्याच्याशी बोलत होतो ते माठातलं पाणी होतं. कल्याणी दीड वर्षापूर्वी गेली होती तेवढीच आताही गेलेली होती, आणि हे त्याला ह्या क्षणी नव्यानं कळत होतं. त्याचा तोल गेला.

"मामी! काय केलंत हे?"

मामी दचकली. पोरगी रडायला लागली.

"सगळं नासवलंत! मीठ हाय तोवर काटा जागेवर राहतो. तुम्ही रोज पाणी ओतलंत, मीठ सगळं विरघळून गेलं, आन् मग काटा चढणार न्हाय तर काय होणार? मी येड्यावानी—"

मामीनं पोरीला उचललं. पण ती मागं सरली नाही.

"तूच म्हणालास न्हवं, ती तहानलेली असती म्हणून?"

"केस म्हणालो मी."

"कल्लूचा केस." लेकीला मामी कल्लूच म्हणायची. "मिठाच्या पाण्यावर टांगलास तिला. मारतंडा, गावात म्हातारी माणसं सांगत्यात, पाण्याबिगर गेलेलं माणूस इकडं तिकडं पाणी हुडकत फिरतंय. आन् तू तिच्याफुडं खारं पाणी ठेवलंस. मला बघवलं न्हाय. तू भाईर गेलास की मी गोडं पाणी घालत हुते. पयल्यांदा काटा हललाच न्हाय. लई दिस हलला न्हाय. मला वाटलं, घेत न्हाय माझ्या हातचं. मी न्हाय म्हणाले हुते तिला, आता ती मला न्हाय म्हणालीया." तिनं काचेकडं बघितलं. "मग एक दिस हलला."

काटा पहिले दिवस का हलला नाही ते मार्तंडाला चांगलं ठाऊक होतं: चोथा उरला होता तोवर कितीही पाणी ओता, आकडा तोच. पण ती बाई रोज दुपारी तांब्या घेऊन ह्या काचेसमोर उभी राहत होती आणि काटा हलत नव्हता, ते दिवस तिनं कसे काढले असतील हे त्याला पहिल्यांदा दिसलं.

"माझ्या आईनं मला दिलं न्हाय," मामी म्हणाली, "तिच्या आईनं तिला दिलं न्हाय. आमी जगलो. मला वाटलं, ही बी जगंल. मला काय म्हाईत न्हवतं रं मारतंडा. तुला म्हाईत हुतं, आन् तुझा तांब्या मी घेतला." आणि मग ती, खांद्यावर रडणाऱ्या पोरीसकट, उभ्याउभ्या रडायला लागली.

मार्तंडानं दीड वर्ष मनात घोळवलेली सगळी वाक्यं होती, त्यातलं एकही आता कामाचं नव्हतं. त्यानं हंडी उचलली. यंत्र काढून टेबलावर ठेवलं, झाकण काढलं. वाडगा काठोकाठ भरला होता आणि तळाशी मिठाचा कण नव्हता. तो परसात जाऊन वाडगा ओतून आला, घासून धुतला, तीनदा खळबळला, आणि आणून मामीसमोर धरला.

"भरा."

"काय?"

"गोडं पाणी. मीठ न्हाय घालत मी."

मामीनं पोरीला खाली उतरवलं.

"पाण्यावर ठेवून सुद्धा बघायचं असतं," तो म्हणाला, आणि हे खरं होतं. फार दिवस कोरड्यात राहिलेल्या केसाला असं भरपूर ओल्या हवेत ठेवलं की त्याची चाल सुधारते, आणि काटा वर कुठवर जातो तेही कळतं. फक्त हे त्यानं त्या दिवशी त्या कारणासाठी केलं नव्हतं. "भरा, मामी. तुमच्या हातानं."

तिनं माठातलं पाणी आणून वाडगा भरला. मार्तंडानं एक धोतराचं फडकं ओलं करून हंडीच्या आतून मागच्या बाजूला लावलं, यंत्र ठेवलं, हंडी पालथी घातली. दोघं टेबलासमोर जमिनीवर बसली. लतिका मधे. काटा चढायला लागला. ऐंशी गेली, पंच्याऐंशी गेली. नव्वदीच्या पुढं तो इतका हळू चालला की तो चालतो आहे हे नजर काढून पुन्हा लावली तरच कळे. पोरगी तिथंच झोपून गेली. शेवटी शंभराच्या अलीकडं, पंच्याण्णवाच्या थोडा वर, तो थांबला आणि थांबूनच राहिला.

"का थांबला?" मामीनं विचारलं.

"आता आणखी घेता येत न्हाय त्याला. मावत न्हाय."

"म्हंजे पोट भरलं?"

मास्तरांकडं ह्याचं चांगलं उत्तर होतं. त्यांनी दिलं नाही. "भरलं," मार्तंड म्हणाला.

मामीनं पदरानं तोंड पुसलं. ती म्हणाली, "निपाणीला न्यायला लागंल आता?"

"उद्या मारुतीराव येणार. पण त्याआधी परत मिठावर लावून बघायला लागंल. पंचाहत्तरची खूण चुकली तर वखारीत घोटाळा होईल. तिथं पोटावर काम करणाऱ्या बाया हैत." त्याला स्वतःलाच हे बोलताना जड गेलं. "त्यांना एक दिवस थांबवतो मी. पण मीठ घालायला पायजे, मामी."

"परत खारं?"

"व्हय."

मामी उठली. तिनं मानेवरचा अंबाडा सोडला. केस निम्मे पांढरे झाले होते, पण अजून कमरेला टेकत होते. तिनं त्यात बोटं घातली, चाचपून एक लांब केस निवडला आणि मुळापासून उपटला.

"तिचा काढ त्यातनं," ती म्हणाली. "माझा घाल. मला चालतंय खारं."

मार्तंडानं तो केस दोन्ही हातांनी घेतला.

मारुतीरावांना पुढच्या आठवड्याचा वायदा झाला. कल्याणीचा केस त्यानं चौकटीतून सोडवून मामीच्या हातात दिला. तिनं तो बोटावर गुंडाळला आणि गंगावनात परत घातला. मामीचा केस ईथरमधून निघाला, ताणला गेला, सगळ्या खुणांमधून गेला. नव्या मिठावर काटा पंचाहत्तरावर आला आणि थांबला. दुसऱ्या दिवशी पंचाहत्तर, तिसऱ्या दिवशी पंचाहत्तर. यंत्र खरं झालं होतं. त्या दिवसांत मामी जेवायला वाढताना तंबाखूच्या वखारीबद्दल चार गोष्टी विचारायची आणि तो सांगायचा.

मात्र संध्याकाळी बाहेरून परत आला की मार्तंड अजूनही वहाणा काढायच्या आधी सोप्यात जायचा आणि काचेसमोर उभा राहायचा. काटा पंचाहत्तरावर असायचा. एखादी संध्याकाळ तरी तो चुकलेला दिसावा म्हणून तो दिवे लागेपर्यंत तिथं उभा राहायचा.